भक्कम मुद्दा आधी, शेवटी की मध्ये?

‘कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळा करू नयेत’ या विषयावर मी बाराशे शब्दांचा निबंध लिहिते आहे. माझे पाच मुद्दे असे: शाळा हे वस्तीचे केंद्र असते, इमारती ओस पडतील, लहान मुलांना, विशेषतः मुलींना, अंतर झेपणार नाही, शिक्षण हक्क कायद्यात एक किलोमीटरची अट आहे, आणि लहान वर्गात शिक्षकांचे प्रत्येकाकडे लक्ष राहते. आमचे सर सांगतात की सर्वांत जोरदार मुद्दा शेवटी ठेवावा. मैत्रीण म्हणते की परीक्षक पहिल्या पानावरच मत बनवतात, म्हणून तो आधीच द्यावा. कोणाचे ऐकू?

तुमच्या निबंधापुरते सांगायचे तर सरांचे ऐका. मात्र शेवटी जो मुद्दा ठेवायचा तो बहुधा तुमच्या मनात असलेला नाही. अंतराचा मुद्दा शेवटी यावा, कायद्याचा सुरुवातीला यावा, वस्तीचे केंद्र आणि ओस पडणाऱ्या इमारती हे दोन मुद्दे मिळून मध्ये एकच परिच्छेद व्हावा, आणि पाचवा मुद्दा स्वतंत्र न ठेवता विरोधकांच्या आक्षेपाला दिलेले उत्तर म्हणून वापरावा. एका दैनिकाच्या लेखांच्या पानाचे संपादन मी बरीच वर्षे केले आणि निबंधांच्या उत्तरपत्रिका आजही तपासतो. त्या कामातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. ‘आधी की शेवटी’ हा प्रश्न दुसऱ्या पायरीवरचा आहे. कोणता मुद्दा कोणत्या मुद्द्याच्या आधाराने उभा राहतो, हे त्याआधी ठरवावे लागते आणि ते ठरले की अर्धा क्रम आपोआप लागतो.

तुम्ही विचारलेला प्रश्न फार जुना आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये नेस्टर हा अनुभवी सेनानी आपल्या सैन्याची रचना करतो तेव्हा रथी पुढे ठेवतो, भरवशाचे पायदळ पाठीमागे ठेवतो आणि कच्च्या दिलाचे सैनिक दोहोंच्या मधोमध घालतो, म्हणजे मनात नसले तरी त्यांना लढावेच लागते. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस युक्तिवादांच्या क्रमाची चर्चा करताना याच रचनेचा दाखला दिला: बळकट मुद्दे दोन्ही टोकांना, दुबळे मध्ये. त्याच्याही आधी रोमन वक्ता सिसेरो याने जवळपास असाच सल्ला दिला होता. पण क्विंटिलियनने ही रचना सर्व ठिकाणी लागू पडणारा नियम म्हणून सांगितलेली नाही. क्रम प्रत्येक प्रकरणाच्या गरजेप्रमाणे ठरावा असे त्याचे म्हणणे आहे, आणि त्याने ठामपणे घातलेला अपवाद एकच आहे: सर्वांत जबरदस्त मुद्द्यापासून सुरुवात करून सर्वांत हलक्या मुद्द्यापर्यंत उतरत जाऊ नये. उत्तरपत्रिकांमध्ये मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक नेमकी हीच आहे. विद्यार्थ्याला जे प्रथम सुचते ते बहुधा त्याचे सर्वोत्तम असते, तो ते आधी लिहितो, मग शब्दसंख्या भरण्यासाठी जे जे सुचेल ते लिहीत जातो आणि निबंध संपतो तो त्याच्या सर्वांत पातळ विचारावर.

दुबळ्या मुद्द्यांचे काय करावे, याविषयीही क्विंटिलियनचे एक निरीक्षण तुमच्या कामाचे आहे. बळकट पुरावे एकेकटे उभे करावेत आणि दुबळे एकत्र बांधावेत, असे तो सांगतो. त्याचे उदाहरण खुनाच्या खटल्याचे आहे. आरोपीला मृताकडून वारसा मिळणार होता, तो वारसा मोठा होता, आरोपी कंगाल होता, सावकार त्याच्या मागे लागले होते, मृताचा त्याच्यावर राग होता आणि मृत व्यक्ती मृत्युपत्र बदलणार आहे हे त्याला माहीत होते. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक आहे, पण सगळ्या एका दमात आल्या की विजेसारख्या नाही तरी गारपिटीसारख्या झोडपून काढतात. तुमचे वस्तीचे केंद्र आणि ओस इमारती हे मुद्दे अशा गारा आहेत. ‘शाळेच्या ओसरीवर ग्रामसभा भरते, तिथेच लसीकरण होते, तिथेच मतदान केंद्र लागते, आणि मुले गेली की ही वास्तूही जाते’ असे दोन वाक्यांत सांगून पुढे जाता येते. याच मुद्द्यांना दोन स्वतंत्र परिच्छेद दिले, तर प्रत्येक परिच्छेदाला एकटे उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि ते त्यांना झेपणारे नाही. इमारतीत अंगणवाडी किंवा वाचनालय सुरू करू, एवढे कोणी म्हटले की दुसरा मुद्दा संपतो. आणि एक मुद्दा असा सहज पडला की वाचक बाकीच्यांकडेही संशयाने पाहू लागतो.

या विषयावर मानसशास्त्रात प्रयोग झालेले आहेत आणि त्यांचा उल्लेख चुकीच्या जागी होतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. ‘आधी ऐकलेले जास्त पटते’ किंवा ‘शेवटी ऐकलेले जास्त लक्षात राहते’ अशी विधाने करताना लोक ज्या प्रयोगांचा आधार घेतात, त्यांतले बरेचसे दोन विरुद्ध बाजूंच्या क्रमाविषयी आहेत. मिलर आणि कॅम्पबेल यांचा १९५९ सालचा प्रयोग त्यांपैकीच आहे. एका खटल्यातील दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचकांपुढे एकापाठोपाठ ठेवले आणि आठवड्याने मत विचारले, तर आधी आलेल्या बाजूचा फायदा झाला. दोन्ही बाजूंच्या मध्ये आठवडा जाऊ दिला आणि दुसरी बाजू संपताच मत विचारले, तर दुसऱ्या बाजूचा फायदा झाला. वादविवाद स्पर्धेत किंवा न्यायालयात आधी बोलावे की नंतर, हे ठरवताना हा निष्कर्ष उपयोगी पडतो. एकाच लेखकाच्या एकाच निबंधात त्याचे स्वतःचे पाच मुद्दे कसे लावावेत, याचे उत्तर त्यात नाही. चढत्या आणि उतरत्या क्रमांची थेट तुलना करणारे प्रयोगही झाले आहेत, पण त्यांचे निकाल कधी एका बाजूने तर कधी दुसऱ्या बाजूने गेले आणि वाचकाला विषयात आधीपासून किती रस आहे यावर बरेचसे अवलंबून राहिले. म्हणून तुमचे सर आणि तुमची मैत्रीण, दोघांनाही आपापल्या बाजूने शास्त्राचा हवाला देता येणार नाही. निर्णय तुमच्या मुद्द्यांकडे पाहूनच करावा लागेल.

तो कसा करायचा ते तुमच्याच निबंधावर करून पाहू. पाच कोऱ्या चिठ्ठ्या घ्या आणि प्रत्येकीवर एक मुद्दा पूर्ण वाक्यात लिहा. ‘अंतर’ असा एक शब्द चालणार नाही, ‘सहा वर्षांच्या मुलाला रोज तीन किलोमीटर जाणे झेपत नाही, म्हणून शाळा दूर नेणे म्हणजे त्याची शाळा सोडवणे’ असे वाक्य हवे. सहाव्या चिठ्ठीवर विरोधकांचे सर्वांत बळकट म्हणणे लिहा, तेही त्यांना मान्य होईल अशा शब्दांत. मग प्रत्येक चिठ्ठी हातात घेऊन एकच प्रश्न विचारा: ही चिठ्ठी वाचकाला पटायची असेल, तर त्याला आधी काय माहीत असायला हवे? त्याचे उत्तर दुसऱ्या एखाद्या चिठ्ठीवर सापडले, तर ती चिठ्ठी हिच्या आधी आली पाहिजे.

आता कायद्याची चिठ्ठी घ्या. माझा अंदाज आहे की तुमच्या मनात हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे, कारण त्यात आकडा आहे, अधिकार आहे आणि तो वाचायला ठाम वाटतो. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, हे खरेच आहे. पण नियमांतच पुढे अशी तरतूद आहे की जिथे वस्ती लहान किंवा दुर्गम असल्यामुळे त्या अंतरात शाळा देता येत नाही, तिथे शासनाने मोफत वाहतुकीची किंवा निवासाची सोय करावी. म्हणजे तुम्ही कायदा पुढे केला की समोरचा एका शब्दात उत्तर देतो: ‘बस देऊ.’ हे उत्तर त्याला सहज सुचणारे आहे. निबंधाचा शेवटचा परिच्छेद कायद्याचा असेल, तर वाचक वही मिटताना मनात ‘पण बस देता येते की’ असे म्हणूनच मिटेल. मुद्दा खरा असूनही शेवटच्या जागेवर तो टिकत नाही, कारण त्याच्यानंतर बोलायला तुम्ही तिथे नसता.

याच मुद्द्याला पहिली जागा द्या आणि त्याचे स्वरूप पाहा. कायदा सांगितला, समोरून बसचे उत्तर येणार हे तुम्हीच मांडले, आणि मग अंतराच्या मुद्द्याने त्या बसची परीक्षा घेतली. बस डांबरी रस्त्यापर्यंत येते, पाड्यापर्यंत येत नाही. राज्याच्या बहुतेक भागांत शाळा जूनमध्ये उघडते, म्हणजे वर्षाचे पहिले चार महिने पावसाचे असतात, आणि पाडा व रस्ता यांच्यामध्ये जो ओढा असतो तो याच चार महिन्यांत भरलेला असतो. बस चुकली की पहिलीतल्या मुलाला वडापमध्ये एकटे बसवता येत नाही. त्याला सोडायला कोणीतरी जावे लागते, म्हणजे एका माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते, किंवा चौथीतली मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते. अशा रीतीने मुलीच्या शाळेचा एकेक दिवस जात राहतो आणि कोणत्याही एका दिवशी तिने शाळा सोडली असे म्हणता येत नाही. हा मुद्दा बसच्या उत्तराने संपत नाही, कारण तो बस आहे असे धरूनच उभा राहिलेला आहे. म्हणून अंतर हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पण तो भक्कम होतो तो कायदा आणि बस या दोन गोष्टी आधी येऊन गेल्यामुळेच. हाच परिच्छेद निबंधाच्या सुरुवातीला ठेवला असता, तर ओढा आणि बहीण यांचे वर्णन एखाद्या हळव्या प्रसंगासारखे वाटले असते आणि बसचा आक्षेप मागाहून येऊन त्यावर पाणी फिरवून गेला असता.

इथे ‘भक्कम’ या शब्दाविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुद्द्याचे बळ मुद्द्यात एकट्यात नसते. तो कोणासमोर मांडला आहे आणि त्याच्याकडे कोणते उत्तर तयार आहे, यावर ते ठरते. ज्या मुद्द्यासाठी तुम्ही सर्वांत जास्त वाचन केले तो तुम्हाला भक्कम वाटणे स्वाभाविक आहे. त्याची पारख करण्याची माझी पद्धत अशी आहे: विरोधकाला तुमच्या निबंधातले एकच वाक्य उचलून उत्तर द्यायची मुभा दिली, तर तो कोणते वाक्य उचलेल? जे वाक्य तो उचलेल ते तुमचे सर्वांत दुबळे वाक्य होय, आणि जे टाळण्यासाठी तो सर्वांत जास्त धडपडेल ते सर्वांत भक्कम होय. तुमच्या पाच मुद्द्यांपैकी तो इमारतीचा मुद्दा आनंदाने उचलेल आणि अंतराच्या मुद्द्याजवळ फिरकणार नाही.

आता सहाव्या चिठ्ठीकडे, म्हणजे पूर्वपक्षाकडे वळू. शासनाने २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याबाबत प्रस्ताव मागवले, तेव्हा तोरणमाळ आणि पानशेत येथील समूह शाळांचा दाखला दिला गेला. त्यामागचा विचार साधा आणि प्रामाणिक आहे: चौदा मुलांच्या शाळेत पाच वर्ग असतात, एकेका वर्गात दोन-तीन मुले असतात, दोन शिक्षक सगळे वर्ग एकत्र बसवून शिकवतात, मुलांना बरोबरीचे सवंगडी मिळत नाहीत, कबड्डीचा संघ होत नाही, प्रयोगाचे साहित्य येत नाही. हा आक्षेप तुमच्या वाचकाच्या मनात निबंध उघडण्याआधीपासून आहे. तो निबंधाच्या अखेरीस ‘काही जण म्हणतील की’ अशा वाक्याने आणला, तर तोपर्यंतचे तुमचे सगळे मुद्दे वाचक त्या न दिलेल्या उत्तराच्या सावलीतच वाचत आलेला असतो.

आपल्या परंपरेत यासाठी एक नेमका न्याय आहे: प्रधानमल्लनिबर्हण न्याय. आखाड्यातला मुख्य मल्ल चीत केला की बाकीच्यांशी वेगळी कुस्ती करावी लागत नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांच्या मताचे सविस्तर खंडन केल्यावर परमाणुवादी आणि इतर मतांचेही खंडन त्यातच झाले असे समजावे, हे सांगताना हा न्याय वापरला आहे. मला यात क्रमाविषयीची शिकवण विशेष मोलाची वाटते: विरोधकांचे पाच आक्षेप एकेक करून मोजत बसण्यापेक्षा त्यांतला मुख्य आक्षेप ओळखावा, तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा आणि पूर्ण जागा देऊन त्याचे उत्तर द्यावे. याच्या उलट सूचीकटाह न्यायही आपल्याकडे आहे. लोहाराकडे सुई आणि कढई अशी दोन्ही कामे आली, तर सुईचे लहान काम तो आधी हातावेगळे करतो. निबंध लिहिणारे नकळत याच न्यायाने चालतात, सोपे आक्षेप आधी उडवून लावतात आणि अवघड आक्षेपापर्यंत पोहोचेतो शब्दसंख्या संपते. कामाच्या व्यवस्थेसाठी सूचीकटाह ठीक आहे, पण खंडनासाठी तो घातक ठरतो.

तुमचा पाचवा मुद्दा इथे उपयोगी पडतो. ‘लहान वर्गात प्रत्येकाकडे लक्ष राहते’ हे विधान स्वतंत्रपणे मांडले तर ते वर्गातल्या सुविचारासारखे वाटते. मुख्य आक्षेपाला उत्तर म्हणून ते मांडले, तर त्याला धार येते. आधी मान्य करा की सवंगड्यांचा आणि खेळाच्या संघाचा तोटा खरा आहे. मग विचारा की चौदा मुलांना दोन शिक्षक असतात, म्हणजे एका शिक्षकाच्या वाट्याला सात मुले येतात; कोणते मूल हातच्याच्या वजाबाकीत अडते आणि कोणाला जोडाक्षर वाचता येत नाही हे त्या शिक्षकाला वही न उघडता सांगता येते, आणि समूह शाळेतल्या तिशी-चाळिशीच्या वर्गात ते तसे सांगता येईल का? खेळाचा संघ आठवड्यातून एक दिवस केंद्रशाळेत मुले एकत्र आणून जमवता येतो. हरवलेले लक्ष असे आठवड्यातून एकदा भरून काढता येत नाही. पाहा, मुद्दा तोच आहे, पण जागा बदलल्यावर तो काहीतरी काम करू लागला.

आता क्रम समोर दिसतो. पहिल्या परिच्छेदात तुमची भूमिका स्वच्छ शब्दांत यावी. मुद्दा राखून ठेवणे आणि भूमिका राखून ठेवणे या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळ जण करतात. न्यायदर्शनातल्या पंचावयवी वाक्यातही, म्हणजे पाच भागांच्या युक्तिवादातही, प्रतिज्ञा म्हणजे सिद्ध करायचे विधान आधी येते आणि हेतू म्हणजे त्याचे कारण नंतर. त्यानंतर मुख्य आक्षेप आणि त्याचे उत्तर, सुमारे तीनशे शब्द. मग गारांचा लहान परिच्छेद, शंभर-सव्वाशे शब्द. मग कायदा आणि त्यावरचे बसचे उत्तर, दोनशे शब्द. शेवटी अंतर, साडेतीनशे-चारशे शब्द. वर मी कायदा ‘सुरुवातीला’ म्हणालो होतो आणि इथे आक्षेप त्याच्याही पुढे नेला आहे, तो मुद्दाम. तुमच्या स्वतःच्या मोठ्या मुद्द्यांत कायदाच पहिला आहे, पण शाळेच्या गुणवत्तेची शंका मनात असलेल्या वाचकाला कायदा ही पळवाट वाटते. ‘मुले शिकत नसतील तर जवळची शाळा काय कामाची’ असा त्याचा प्रश्न असतो आणि तो मिटल्यावरच किलोमीटरची भाषा त्याच्या कानात शिरते. हाच निबंध पालकांच्या मेळाव्यात वाचायचा असता, तर ऐकणाऱ्यांच्या मनात ती शंका एवढी आधी नसती. मग मी कायद्याने सुरुवात केली असती आणि आक्षेप मध्यावर घेतला असता.

क्रम जमला की नाही, हे परिच्छेदांची पहिली वाक्ये सलग वाचून कळते. तुमच्या आराखड्यावरून पहिल्या खर्ड्यातली वाक्ये बहुधा अशी असतील: ‘शाळा हे वस्तीचे केंद्र असते.’ ‘तसेच, शाळा बंद झाल्यास इमारती ओस पडतील.’ ‘शिवाय, लहान मुलांना अंतर झेपणार नाही.’ ‘त्याचप्रमाणे, कायद्यातही तरतूद आहे.’ ‘एवढेच नव्हे तर, लहान वर्गात लक्ष राहते.’ यांतले कोणतेही दोन परिच्छेद अदलाबदल करून पाहा; एक शब्दही बदलावा लागत नाही. अदलाबदल बिनबोभाट होत असेल, तर तिथे यादी आहे आणि क्रम अजून लागलेला नाही. ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘त्याचप्रमाणे’ हे शब्द एकापाठोपाठ दिसले की मी समासात खूण करतो, कारण हे शब्द मुद्दे शेजारी-शेजारी ठेवतात, एकमेकांवर चढवत नाहीत. नव्या क्रमात पहिली वाक्ये अशी होतील: ‘चौदा मुलांच्या शाळेत शिक्षण नीट होत नाही, हा आक्षेप गंभीर आहे.’ ‘शाळा टिकण्यासारखी असेल, तर तिच्याबरोबर आणखी काय टिकते हेही पाहिले पाहिजे.’ ‘कायद्याने ही शाळा एक किलोमीटरच्या आत ठेवण्याची अपेक्षा केली आहे, आणि बस देऊन ती अपेक्षा पूर्ण होते असे सांगितले जाते.’ ‘म्हणून ती बस पाड्यावरच्या मुलाला शाळेत खरोखर पोहोचवते का, एवढेच आता पाहायचे उरते.’ यांतले शेवटचे वाक्य जागचे हलवून पाहा. ते दुसरीकडे कुठेही बसत नाही.

हे सगळे वाचक शेवटपर्यंत वाचणार आहे असे धरून सांगितले. तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे तिथे खरे ठरते, जिथे ही खात्री नसते. दैनिकात असताना एका निवृत्त शिक्षिकेचे दीर्घ पत्र माझ्याकडे आले होते. संध्याकाळी एक जाहिरात वाढली, पानावरची जागा घटली आणि मी शेवटचे दोन परिच्छेद कापून पत्र छापले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पूर्ण पत्र ज्या एका अनुभवासाठी लिहिले होते तो अनुभव त्याच दोन परिच्छेदांत होता. मी घाईत वरवर वाचून कात्री चालवली होती, ती चूक माझी होती आणि तिची भरपाई करता आली नाही. तेव्हापासून वृत्तपत्राला पत्र, निवेदन, अर्ज किंवा अधिकाऱ्याला टिपण लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की तिथे सर्वांत भक्कम मुद्दा पहिल्या परिच्छेदात घाला. तिथे कात्री खालून लागते आणि नजर वरून. अशा मजकुरात मुद्द्यांचे एकमेकांवरचे अवलंबन सांभाळायचे तर कायदा, बस आणि ओढा ही सगळी साखळी चार वाक्यांत आवळून वरच आणावी लागते. ती थोडी बोडकी वाटते, पण पोहोचते.

परीक्षक मात्र पूर्ण वाचतात. कंटाळा येतो, वेग वाढतो, पण गुण देण्यापूर्वी शेवटचे पान नजरेखालून जातेच आणि गुण लिहिले जातात ते त्या पानावर थांबूनच. परीक्षेतला खरा धोका वेळेचा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निबंधाच्या प्रश्नपत्रिकेत तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात, म्हणजे एकाला नव्वद मिनिटे मिळतात. भक्कम मुद्दा शेवटी ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला पुन्हा पुन्हा दिसते ते असे: पहिली चार पाने सुवाच्य आणि ऐसपैस, पाचव्या पानावर अक्षर तिरपे होते, वाक्ये तुटक होतात, आणि ज्या मुद्द्यासाठी सगळी बांधणी केली तो सात ओळींत उरकला जातो. हा मुद्दा शेवटी ठेवायचा असेल, तर आराखडा करताना त्याच्या परिच्छेदाची पहिली दोन वाक्ये आणि त्यातला तपशील, म्हणजे जून, ओढा, मजुरी, मोठी बहीण, कच्च्या पानावर आधीच लिहून ठेवा, आणि घड्याळात पंचावन्न मिनिटे झाली की आधीचा परिच्छेद कुठेही असो, तो एका वाक्यात बंद करून या परिच्छेदाला हात घाला. मधला गारांचा परिच्छेद राहून गेला तरी फारसे बिघडत नाही; तो तिथे ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

अंतराच्या परिच्छेदानंतर समारोप लिहाल तो तीन-चार वाक्यांपलीकडे नेऊ नका आणि त्यात नवा मुद्दा आणू नका. ‘याशिवाय शाळेच्या इमारतीचाही प्रश्न आहेच’ असे एखादे वाक्य तिथे शिरले, तर विरोधकाला उचलायला हवे असलेले वाक्य तुम्ही स्वतः त्याच्या हाती शेवटचे म्हणून दिलेले असेल.